वाक्याची तक्त्याशी रुजुवात

काही वर्षांपूर्वी कर्जत तालुक्यातील एका सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालाची मुद्रिते तपासून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, विरामचिन्हे जागच्या जागी बसवली, दोन ठिकाणी वाक्यरचना सैल होती ती आवळली आणि अहवाल छापावयास परत पाठवला. त्यातील चौथ्या पृष्ठावर ‘यंदा संस्थेच्या विक्रीत तृतीयांशाने वाढ झाली’ असे एक वाक्य होते आणि त्याच्या खाली चार बोटांच्या अंतरावर विक्रीचा तक्ता होता. सभेत ते वाक्य मोठ्याने वाचले गेले, सभासदांनी टाळ्या वाजवल्या, ठराव मंजूर झाला. सभा आटोपल्यावर कर्जत स्थानकावर खोपोली लोकलची वाट पाहत बाकावर बसलो असताना मी अहवाल पुन्हा उघडला आणि तेव्हा कोठे माझी नजर त्या वाक्यावरून तक्त्यावर उतरली. आकडे येथे सोयीसाठी गोल करून सांगतो: गतवर्षीची विक्री ४० लाख, यंदाची ६० लाख. वाढ २० लाखांची झाली, आणि ती गतवर्षीच्या ४० लाखांशी ताडून पाहिली तर निम्म्याने झाली; तृतीयांशाने नव्हे.

तृतीयांश मग आला कोठून? २० ला ४० ऐवजी ६० ने भागले की तो येतो. अहवाल लिहिणाऱ्या कारकुनाची वजाबाकी बरोबर होती आणि भागाकारही बरोबर होता. चुकला तो फक्त भाजक. ज्या आकड्यापासून वाढ झाली त्याने भागावयाचे, तर ज्या आकड्यापर्यंत वाढ झाली त्याने कारकुनाने भागले होते. यात लबाडीचा अंशही नव्हता, कारण लबाडी करणारा मनुष्य संस्थेचे यश कमी करून सांगत नाही. परंतु त्या पृष्ठावर एकाच गोष्टीविषयी दोन निरनिराळी विधाने छापलेली होती, एक अक्षरांत आणि एक अंकांत, आणि ती परस्परविरोधी आहेत हे लेखकाला, मुद्रित तपासणाऱ्या मला, अध्यक्षांना किंवा टाळ्या वाजवणाऱ्या शंभरेक सभासदांना जाणवले नाही. त्या दिवसापासून अहवालातील वाक्यांची त्याच अहवालातील तक्त्याशी रुजुवात घालणे हा माझा नित्याचा उद्योग झाला.

रुजुवात हा शब्द मी मुद्दाम योजतो. जुन्या दप्तरात रुजुवात घालणे म्हणजे एका कागदावरील नोंद दुसऱ्या मूळ कागदाशी समोरासमोर ठेवून पाहणे. ती नोंद जगाच्या दृष्टीने सत्य आहे की नाही हा प्रश्न त्यात येत नाही. माझा विषयही तेवढाच मर्यादित आहे. संस्थेची विक्री खरोखर ६० लाखांची झाली की नाही हे लेखापरीक्षकाने पाहावयाचे. मी पाहतो ते एवढेच की, अहवालाने स्वतःच छापलेल्या तक्त्याशी त्याचे स्वतःचे वाक्य जुळते किंवा नाही. ही मर्यादा कोणास क्षुद्र वाटेल. पण या तपासणीला साक्षीदार लागत नाहीत, पावत्या लागत नाहीत, कोणाच्या परवानगीची गरज पडत नाही. ज्याच्या हातात अहवाल आहे त्याच्या हातात सर्व पुरावा आहे. असे असूनही ती इतक्या क्वचित होते, याचे कारण आपण वाक्य वाचतो आणि तक्ता केवळ पाहतो, हे असावे.

या रुजुवातीचा पहिला नियम मी असा मानतो की, वाक्याचा अर्थ तक्त्याकडे न पाहता आधी निश्चित करावा. वाक्य एका कागदावर उतरवून घ्यावे आणि त्यातून विचारावे: हे कशाविषयी आहे, कोणत्या काळाविषयी आहे, कशाच्या तुलनेत आहे, परिमाण कोणते आहे, आणि जे प्रमाण सांगितले आहे ते कशाला कशाने भागून येते? या प्रश्नांची उत्तरे वाक्यातून मिळाली नाहीत तर वाक्य अपुरे आहे असे तेथेच नोंदवावे आणि मगच तक्ता उघडावा. हा क्रम उलटा केला की डोळे फसतात, कारण तक्त्यात आकडे इतके असतात की कोणत्याही वाक्याला आधार देणारी एखादी जोडी त्यात सापडतेच.

ही फसगत कशी होते ते आपल्याच जिल्ह्याच्या तक्त्यावर दाखवतो. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांची लोकसंख्या दिलेली आहे. पंधरा आकड्यांच्या १०५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीत लहान आकड्याशी मोठा किंवा मोठ्याशी लहान अशी दोन्ही बाजूंनी तुलना करता येत असल्यामुळे २१० प्रमाणे निघतात. त्यात तृतीयांश कोठे तरी असणारच. श्रीवर्धनची लोकसंख्या ८३,०२७ आणि सुधागडची ६२,३८० आहे. अंतर २०,६४७ चे. सुधागडच्या आकड्याने भागले तर ३३.१० टक्के येतात, म्हणजे श्रीवर्धन सुधागडपेक्षा तृतीयांशाने मोठे. तेच अंतर श्रीवर्धनच्या आकड्याने भागले तर २४.८७ टक्के येतात, म्हणजे सुधागड श्रीवर्धनपेक्षा चतुर्थांशाने लहान. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. आता कोणी ‘या दोन तालुक्यांत तृतीयांशाचा फरक आहे’ असे मोघम लिहिले, तर ज्याने आधी वाक्याचा भाजक ठरवून घेतलेला नाही तो हे वाक्य खोटे असे कधीच म्हणू शकणार नाही, आणि जे वाक्य खोटे ठरूच शकत नाही ते तपासलेही जाऊ शकत नाही.

तक्ता उघडल्यावर दुसरे काम असते ते तक्त्याची स्वतःशीच रुजुवात. पंधरा तालुक्यांची बेरीज मी पेन्सिलीने केली. उरण १,६०,३०३, पनवेल ७,५०,२३६, कर्जत २,१२,०५१, खालापूर २,०७,४६४ असे करत पोलादपूरच्या ४५,४६४ पर्यंत आलो तेव्हा बेरीज २६,३४,२०० भरली. जिल्ह्याची छापलेली लोकसंख्या नेमकी तीच आहे. १३,४४,३४५ पुरुष आणि १२,८९,८५५ स्त्रिया यांची बेरीजही तीच. ही पायरी पुष्कळ जण टाळतात. परंतु तक्त्याचीच बेरीज बसत नसेल तर वाक्य कोणत्या आकड्याशी जुळवावयाचे, ओळींतल्या की खालच्या एकूणाशी, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत वाक्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

या तक्त्याशी काही वाक्ये ताडून पाहू. ‘खालापूर तालुक्यातील दर तीन माणसांमागे एक खोपोली शहरात राहतो.’ खोपोली नगरपरिषदेची लोकसंख्या ७१,१४१ आहे. २,०७,४६४ ने भागली तर ३४.२९ टक्के. वाक्य जुळते, आणि लेखकाने ‘तृतीयांशाहून थोडे अधिक’ असे लिहिले असते तर ते अधिक नेमके झाले असते. ‘कर्जत व खालापूर मिळून जिल्ह्याची सुमारे षष्ठांश लोकसंख्या होते.’ दोहोंची बेरीज ४,१९,५१५, म्हणजे १५.९३ टक्के, नेमका षष्ठांश व्हावयास ४,३९,०३३ लागले असते, म्हणजे साडेएकोणीस हजार माणसे कमी पडतात. ‘सुमारे’ या शब्दाने एवढी तूट झाकावी काय? येथे मला नियम करता येत नाही, मत देता येते. ‘सुमारे’ हा शब्द मान्य करताना मी पाहतो की, तितकाच सोपा पण अधिक जवळचा शब्द लेखकाला उपलब्ध होता काय. येथे ‘शेकडा सोळा’ हा शब्द उपलब्ध होता आणि तो जवळजवळ तंतोतंत होता. म्हणून या वाक्याला मी खोटे म्हणणार नाही, सैल म्हणेन, आणि समासात तसे लिहीन.

तिसरे वाक्य घेऊ: ‘पनवेल तालुका कर्जतच्या साडेतीन पट आहे.’ भागाकार ३.५४ येतो, जुळते. पण तेच वाक्य ‘पनवेल कर्जतपेक्षा साडेतीन पटींनी अधिक आहे’ असे असेल तर? शब्दशः पाहता कर्जत एक पट, आणि त्याहून साडेतीन पट अधिक, म्हणजे साडेचार पट. तशी लोकसंख्या नऊ लाख चोपन्न हजारांवर जाईल, आणि पनवेलची लोकसंख्या तर साडेसात लाख आहे. ‘पट’ आणि ‘पटींनी अधिक’ ही दोन रूपे आपण हल्ली एकाच अर्थाने वापरतो आणि त्यामुळे अशा वाक्यांचा निवाडा करणे कठीण होऊन बसते. जुन्या सावकारी व्यवहारात ही संदिग्धता नव्हती. भात सवाईने दिले म्हणजे मणाला सव्वा मण परत आणावयाचे आणि दिढीने दिले म्हणजे दीड मण. शब्दातच मूळ अधिक वाढ मिळून किती, हे आलेले असे. या भागातील ठाकूर-कातकऱ्यांना पावसाळ्यात उचललेल्या खावटीचा हिशेब असल्याच दराने फेडावा लागे. तो व्यवहार निर्दय होता. पण त्यातली संज्ञा चोख होती, आणि अडाणी ठरवलेल्या माणसालाही आपण किती देणे लागतो हे त्या एका शब्दावरून कळत असे.

चौथे वाक्य: ‘मागील दशकात कर्जत तालुका खालापूरपेक्षा जलद वाढला.’ या वाक्याशी तक्ता ताडू गेलो तर हात रिकामे राहतात, कारण माझ्यासमोरच्या तक्त्यात तालुक्यांचे २०११ चेच आकडे आहेत. कर्जत खालापूरपेक्षा ४,५८७ माणसांनी मोठा आहे एवढे दिसते. तो जलद वाढला की मुळातच मोठा होता, याविषयी तक्ता मुका आहे. येथे घाईने ‘जुळते’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, कारण मोठा आकडा आणि वाढ या दोन कल्पना मनात शेजारी शेजारी राहतात. आणि तितक्याच घाईने ‘खोटे’ म्हणणारेही पाहिले आहेत. दोघेही चुकतात. रुजुवातीचे निकाल दोन नसून तीन आहेत: जुळते, विरोध येतो, आणि तक्त्यावरून सांगता येत नाही. हा तिसरा निकाल देण्यास माणसे कचरतात, कारण तो दिल्याने आपले काम अपुरे राहिले असे त्यांना वाटते. माझ्या अनुभवात तर सर्वांत महत्त्वाच्या चुका याच सदरात निघतात. वाक्य आपल्या तक्त्याच्या पलीकडे गेले, आणि पृष्ठावर तक्ता आहे एवढ्याच कारणाने ते सप्रमाण भासले, असा प्रकार विरोधी वाक्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा घडतो.

सांगता येत नाही असा निकाल आणखी एका कारणाने द्यावा लागतो, आणि ते कारण आकडे गोल करण्यात आहे. समजा, एखाद्या अहवालाच्या तक्त्यात विक्री पूर्ण लाखांत छापली आहे: गतवर्षी ३, यंदा ४. वाक्य म्हणते तृतीयांशाने वाढ. तीनावर एक वाढला, म्हणजे बरोबरच, असे कोणीही म्हणेल. पण छापलेला ३ हा अडीच लाखांपासून साडेतीन लाखांपर्यंत काहीही असू शकतो आणि ४ हा साडेतीनापासून साडेचारापर्यंत. खरी विक्री साडेतीनास थोडी कमी होती ती साडेतीनास थोडी अधिक झाली असेल तर वाढ जवळजवळ शून्य. अडीचाची साडेचार झाली असेल तर वाढ ८० टक्के. एवढ्या रुंद पट्ट्यात तृतीयांश बसतो यात नवल नाही. त्यात निम्मी वाढही बसते आणि चतुर्थांशही बसतो. आता तोच तक्ता एका दशांश स्थळापर्यंत छापला, ३.० आणि ४.०, तर वाढ साडेएकोणतीस टक्के आणि सदतीस टक्क्यांहून किंचित अधिक या दोन मर्यादांत येते, आणि ‘तृतीयांश’ हा शब्द काही अर्थाने सिद्ध झाला असे म्हणता येते. म्हणून प्रत्येक आकड्याची खालची व वरची मर्यादा काढून भागाकार दोनदा करावा, एकदा वाढ सर्वांत कमी दिसेल असा आणि एकदा सर्वांत अधिक दिसेल असा. वाक्यातील प्रमाण या दोहोंच्या बाहेर पडले तर विरोध निश्चित. आत पडले तर पट्टा किती रुंद आहे ते पाहून बोलावे.

विरोध निश्चित झाल्यावर मात्र थांबू नये. कोणते आकडे घेतले असता हे वाक्य खरे ठरले असते, असा उलटा प्रश्न विचारावा, कारण चूक आपली खूण मागे ठेवून जाते. रायगड जिल्ह्याची २००१ ची लोकसंख्या २२,०७,९२९ होती. २०११ च्या २६,३४,२०० शी ताडली तर दशकातील वाढ १९.३१ टक्के येते. आता एखाद्या लेखात हाच तक्ता आहे आणि वाक्यात १९.३६ टक्के लिहिले आहे असे समजा. फरक शतांशाच्या पाच घरांचा. पण दोन्ही आकडे एकेका माणसापर्यंत मोजलेले असताना गोल करण्याची सबब येथे चालत नाही. मग उलट गणित करावे: १९.३६ टक्के वाढ यावयास २०११ चा आकडा किती हवा? तो सव्वीस लाख पस्तीस हजारांच्या वर हवा. आणि जनगणनेच्या तात्पुरत्या आकडेवारीत रायगडची लोकसंख्या २६,३५,३९४ छापलेली होती. कोडे सुटले. वाक्य तात्पुरत्या आकड्यांवरून लिहिले गेले, नंतर अंतिम आकडे आले तेव्हा तक्ता बदलला, वाक्य बदलावयाचे राहिले. अहवालांतील विसंगतींचा हा फार मोठा उगम आहे, कारण तक्ता एका हाताने तयार होतो, मजकूर दुसऱ्या हाताने, आणि दुरुस्ती दोहोंपर्यंत एकाच वेळी पोचत नाही. ४० आणि ६० लाखांच्या त्या अहवालातही हीच उलटी विचारणा कामास आली. भाजक चुकला हे तिने दाखवले, आणि कारकुनाच्या हेतूविषयीचा संशय निवला.

असाच नेहमीचा दुसरा मागमूस टक्के आणि टक्क्यांचे अंतर यांच्या गफलतीचा असतो. जिल्ह्यातील साक्षरता २००१ मध्ये ७७.०३ टक्के होती, २०११ मध्ये ८३.१४. ‘साक्षरता सहा टक्क्यांनी वाढली’ असे सर्रास लिहितात. ६.११ हे दोन टक्केवारींमधले अंतर आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत वाढ सुमारे आठ टक्के होते. कोणता अर्थ घ्यावयाचा हे वाक्यानेच सांगितले पाहिजे, आणि ते ज्या अहवालात एका पृष्ठावर एका अर्थाने व दुसऱ्यावर दुसऱ्या अर्थाने येते तेथे दोन्ही पृष्ठे तक्त्याशी जुळूनही एकमेकांशी जुळत नाहीत.

हे सारे खेड्यातील संस्थांचे दोष आहेत असे कोणी समजू नये. २०१६ मध्ये मिशेल नाइटेन आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतील १९८५ ते २०१३ या काळातील लेख एका आज्ञावलीकडून तपासून घेतले. अशा लेखांत संख्याशास्त्रीय कसोटीचे दोन-तीन आकडे दिलेले असतात आणि त्यांवरून निघणारा शेवटचा आकडाही. पहिले घेऊन शेवटचा पुन्हा काढला की रुजुवात होते. ज्या लेखांत असे आकडे होते त्यांपैकी निम्म्यांत निदान एक तरी आकडा जुळला नाही, आणि आठात एका लेखात तर निष्कर्षच पालटू शकेल एवढी तफावत होती. ते लेख विद्वानांनी लिहिले होते, विद्वानांनी तपासले होते. त्यांच्या हातूनही जे निसटले तेच आमच्या सभेत निसटले: प्रत्येकाने वाक्य वाचले, आकडे पाहिले, आणि त्यांच्या मधला भागाकार कोणी केला नाही.

या रीतीला मर्यादा आहेत आणि त्यांपैकी एक आमच्या मुलखाच्या इतिहासातच आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि कुलाब्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. १८८१ चा आणि १९०१ चा कुलाबा एका तक्त्यात शेजारी मांडून ‘जिल्ह्याची लोकसंख्या वाढली’ असे लिहिले तर भागाकार बिनचूक येईल, वाक्य तक्त्याशी जुळेल, आणि त्या वाढीत एक अख्खा तालुका रेघ बदलून आलेला असेल. तक्त्याच्या तळटीपेत हे नोंदलेले असेल तरच रुजुवातीला ते कळणार. म्हणून तळटिपा आणि ओळींची शीर्षके आकड्यांइतकीच लक्षपूर्वक वाचली पाहिजेत. शीर्षकातील शब्द आणि वाक्यातील शब्द एकच आहेत काय, हे पाहिल्यावाचून आकडे जुळवू नयेत.

हे शब्दांचे जुळणे किती गंभीर असते ते खालापूर तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या ठाकूरवस्तीवर, इर्शाळवाडीवर, दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले तेव्हाचा गोषवारा असा होता: वाडीतील माणसे २२८, मृतदेह मिळाले २७, बेपत्ता ५७, वाचलेले १४४. बेरीज बसते. या तक्त्याखाली ‘दुर्घटनेत २७ जणांचा मृत्यू झाला’ असे वाक्य लिहिले, तर वरवर पाहणारा म्हणेल की ते जुळते. २७ तेथे आहेत. परंतु त्या ओळीचे शीर्षक ‘मृत’ असे नसून ‘मृतदेह मिळाले’ असे आहे. किती मेले हे तो तक्ता सांगतच नाही. तो सांगतो की २७ सापडले आणि ५७ सापडले नाहीत. ज्या वाक्याने २७ हा आकडा उचलून ‘मृत्यू’ हा शब्द त्याला जोडला, त्याने ५७ माणसांना कोणत्याही सदरात न ठेवता वगळले. मी तेथे समासात ‘तक्त्यावरून सांगता येत नाही’ असा शेरा मारीन, आणि शेजारी पेन्सिलीने तीन आकडे व त्यांची बेरीज मांडीन: २७, ५७, १४४, एकूण २२८.